सेल १३ टक्के वाढला आणि मार्जिन १६ टक्के घटलं, एका मंथली रिपोर्टचा अनुभव

तीन वर्षं मी दर महिन्याला सेल्सचा रिपोर्ट बनवत होते. बावीस पानं, प्रत्येक रीजनचा वेगळा चार्ट, टॉप २० डीलर, बॉटम २० डीलर, सगळं. मीटिंगमधे लोक पहिलं पान बघायचे, एकूण आकडा वर आहे की खाली एवढं बघून पुढचा विषय. मग एका महिन्यात आमच्या सेल्स हेड सरांनी मीटिंगच्या चार दिवस आधी सहज विचारलं, "छोट्या मशीनवरची स्कीम पुढच्या महिन्यात चालू ठेवायची का? तुझ्या रिपोर्टवरून कळेल ना?" आणि मला जाणवलं की बावीस पानांत कुठेही या एका प्रश्नाचं उत्तर नाहीये. तो महिना मी रिपोर्ट पहिल्यापासून नव्याने केला, तो कसा केला ते सविस्तर लिहितेय कारण अशाच जागी अडकलेले बरेच जण असतील.

आधी धंदा काय ते सांगते. पाणी शुद्ध करायची मशीन, ती डीलरमार्फत विकली जातात. तीन गोष्टी: मोठं मशीन, छोटं मशीन आणि दोन्हीत लागणारं कार्ट्रिज जे ठरावीक काळाने बदलावं लागतं. आकडे मी गोल केलेत आणि सगळ्या रकमा हजारात आहेत, हिशोबाची रीत तीच. छोट्या मशीनवर त्या महिन्यात डीलरना १० टक्के स्कीम दिली होती.

बिलिंगमधून एक्सपोर्ट काढला तर एकूण विक्री आली १८,९००. मागच्या वर्षी याच महिन्यात १५,००० होती, म्हणजे २६ टक्के वाढ. सेल्सच्या ग्रुपवर हा आकडा आधीच फिरत होता, अभिनंदन वगैरे चालू होतं. (मागच्या महिन्याशी न तुलना करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची कारण छोटी मशीन सीझनवर चालतात, लागोपाठच्या दोन महिन्यांची तुलना केली तर फक्त सीझन दिसतो.) मला २६ टक्के जरा जास्तच वाटले म्हणून मी पिव्होट बनवायच्या आधी नुसत्या ओळी वाचत बसले. पार्टीच्या नावाने सॉर्ट केलं आणि वरून खाली वाचलं, दीड तास गेला पण तो दीड तास सगळ्यात कामाचा ठरला.

पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे पार्टीच्या यादीत आमचीच दुसरी ब्रांच. एका गोडाऊनमधून दुसऱ्या गोडाऊनला माल पाठवला की सिस्टीममधे बिल बनतं आणि एक्सपोर्टला ते विक्रीच वाटतं. असे ४०० निघाले. ते काढले, १८,५०० राहिले.

दुसरी गोष्ट रिटर्न. विक्रीच्या रजिस्टरमधे फक्त बिलं असतात, परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट वेगळ्या रजिस्टरमधे, आणि मी तीन वर्षं ते रजिस्टर कधी उघडलंच नव्हतं. १५ छोटी मशीन परत आली होती, ३०० चा माल. राहिले १८,२००.

तिसरी गोष्ट मला एकटीला सापडलीच नसती. छोट्या मशीनचा दर बिलात सगळीकडे २० दिसत होता, जो स्कीम नसतानाचा दर. मग स्कीम गेली कुठे? अकाउंट्समधल्या ताईंकडे गेले, त्या म्हणाल्या, "अगं, स्कीमचं डिस्काउंट आपण बिलात देतच नाही, महिना संपल्यावर डीलरचे नग मोजून रेट डिफरन्सची क्रेडिट नोट काढतो. ती पुढच्या महिन्यात पडते." म्हणजे स्कीमने वाढलेली विक्री या महिन्यात दिसणार आणि स्कीमचा खर्च पुढच्या महिन्यात. ६०० नग, प्रत्येकी २, म्हणजे १,२०० अजून निघायचे होते आणि त्यांच्या क्रेडिट नोट तेव्हा बनल्याही नव्हत्या. मी ते स्कीमच्या पत्रकावरून हिशोब करून याच महिन्यात वजा केले आणि अकाउंट्सला सांगितलं की तुमच्या पुस्तकात जेव्हा टाकायचं तेव्हा टाका पण माझ्या रिपोर्टमधे ज्या महिन्याची विक्री त्याच महिन्यात तिचं डिस्काउंट.

राहिले १७,०००. वाढ २६ नाही, १३ टक्के. तुमच्याकडे हा घोळ आहे का ते ओळखायची सोपी खूण सांगते: स्कीम चालू असलेल्या आयटमचा सरासरी दर काढा, रक्कम भागिले नग. स्कीम असूनही तो जुन्या दराइतकाच आला तर डिस्काउंट दुसऱ्या कुठल्या तरी रजिस्टरमधे बसलंय.

बाकी साफसफाई नेहमीचीच, एकाच डीलरचं नाव तीन स्पेलिंगने, काही आकडे टेक्स्ट म्हणून आलेले त्यामुळे बेरजेत न धरलेले. त्यावर फार लिहीत नाही. फक्त एक सवय मी लावून घेतली, साफ केलेल्या शीटवर वरतीच एक छोटी पट्टी ठेवते: एक्सपोर्टची बेरीज, त्यातून काय काय वजा केलं आणि शेवटचा आकडा. १८,९०० वरून १७,००० वर कशी आले हे कोणीही विचारलं तर एका मिनिटात दाखवता येतं, नाहीतर सेल्सवाले त्यांचा आकडा धरून बसतात, आपण आपला, आणि मीटिंग त्यातच संपते.

आता मुख्य काम. १५,००० चे १७,००० झाले, हे २,००० आले कुठून? पूर्वी मी इथे रीजननुसार चार्ट टाकायचे. पण कुठल्या रीजनमधे वाढलं हे कळून स्कीमबद्दल काहीच ठरत नाही. स्कीम म्हणजे दर कमी करून नग वाढवायचे, मग रिपोर्टमधेही दर आणि नग हे दोन वेगळे करून दाखवायला हवेत. तीनच ओळींचा तक्ता केला:

| | मागच्या वर्षी नग | दर | या वर्षी नग | दर |
|---|---|---|---|---|
| छोटं मशीन | ४०० | २० | ६०० | १८ |
| मोठं मशीन | १०० | ५० | ९० | ५० |
| कार्ट्रिज | २,००० | १ | १,७०० | १ |

एक्सेलमधे B मधे जुने नग, C मधे जुना दर, D मधे नवे नग, E मधे नवा दर असेल तर पहिला फॉर्म्युला नगांमुळे झालेला फरक देतो आणि दुसरा दरामुळे झालेला:

```
=(D2-B2)*C2
=(E2-C2)*D2
```

दोन्हींची बेरीज बरोब्बर एकूण फरकाइतकी येते, न आल्यास कुठेतरी चूक आहे. छोट्या मशीनमधे नगांमुळे ४,००० वाढले आणि दरामुळे १,२०० गेले, निव्वळ २,८०० वर. मोठ्या मशीनमधे ५०० कमी, कार्ट्रिजमधे ३०० कमी. बेरीज २,०००. इथपर्यंत पाहिलं तर स्कीम छानच चाललीये असं वाटतं, १,२०० देऊन ४,००० मिळवले.

पण विक्री म्हणजे हातात राहणारा पैसा नाही. कॉस्टिंगवाल्यांकडून प्रत्येक नगाचा माल-खर्च घेतला: छोट्याचा १६, मोठ्याचा ३०, कार्ट्रिजचा अर्धा. म्हणजे छोट्या मशीनवर जुन्या दराने ४ सुटायचे आणि स्कीमच्या दराने २. दरात १० टक्के कपात ऐकायला किरकोळ वाटते पण मार्जिन अर्धं झालं. हाच हिशोब आता विक्रीऐवजी मार्जिनवर मांडला. मागच्या वर्षी छोट्या मशीनचं मार्जिन १,६००, यंदा ६०० नग गुणिले २ म्हणजे १,२००. मोठ्याचं २,००० वरून १,८००. कार्ट्रिजचं १,००० वरून ८५०. एकूण ४,६०० वरून ३,८५०. विक्री १३ टक्के वर आणि मार्जिन १६ टक्के खाली, एकाच महिन्यात, एकाच डेटातून. मी तो आकडा तीन वेळा तपासला. ग्रुपवर अभिनंदन चालू असलेल्या महिन्याबद्दल हे सांगायचं म्हणजे पोटात गोळाच आला होता.

त्यानंतर मी स्वतःला विचारलं की सरांना खरं काय माहीत असायला हवं. त्यांना हवंय ते एवढंच: किती नग गेले असते तर स्कीम परवडली असती? हा हिशोब एका ओळीचा आहे. डिस्काउंट भागिले डिस्काउंटनंतर उरलेलं मार्जिन. २ भागिले २, म्हणजे १००  टक्के. नग दुप्पट व्हायला हवे होते, ४०० चे ८००, तेव्हा कुठे मागच्या वर्षीइतकं मार्जिन आलं असतं. झाले ६००. हाच हिशोब स्कीम ५ टक्के ठेवली तर: डिस्काउंट १, उरलेलं मार्जिन ३, एक तृतीयांश वाढ पुरेशी, म्हणजे साधारण ५३४ नग. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की बोलणं स्कीम चांगली की वाईट यावर न होता किती टक्के यावर होतं, आणि ते ठरवता येतं. एक सावधगिरी मात्र हवी, यात स्कीम नसती तर ४०० च गेले असते असं धरलंय. तसं धरायला आधार हवा. मी मागच्या चार महिन्यांचे आकडे त्या त्या महिन्याच्या मागच्या वर्षीशी लावून पाहिले, सगळे जवळपास तेवढेच होते, म्हणून ४०० धरायला हरकत नव्हती. विक्री मुळातच वाढत असती तर स्कीमचं श्रेय अजून कमी झालं असतं.

तरी एक शंका राहिली होती. ६०० पैकी २३० नगांची बिलं महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत होती. महिनाअखेरीला बिलं वाढतातच पण एवढी नाही. डीलरने माल उचलला म्हणजे ग्राहकाने घेतला असं नव्हे, स्कीम संपायच्या आत स्वस्तात भरून ठेवला असेल तर? आपली बिलं हे कधीच सांगणार नाहीत, बिल डीलरपाशी थांबतं. ग्राहकापर्यंतची खूण कुठे मिळेल म्हणून शोधलं तर ती सर्व्हिस डिपार्टमेंटकडे होती, वॉरंटी रजिस्ट्रेशन. मशीन बसवलं की सिरीयल नंबर नोंदवला जातो. मागच्या वर्षी ४०० नग विकले तेव्हा ३८० नोंदी होत्या, म्हणजे काही लोक नोंदवत नाहीत पण बहुतेक नोंदवतात. यंदा ६०० विकले आणि नोंदी ४१०. फक्त ३० जास्त. नोंदी उशिरा येतात म्हणून दोन्ही वर्षांच्या नोंदी मी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंतच्याच धरल्या, नाहीतर मागच्या वर्षीच्या जुन्या नोंदी पूर्ण आणि यंदाच्या अर्धवट अशी चुकीची तुलना झाली असती. (म्हणून रिपोर्टही दोन दिवस उशिरा दिला, आधी विचारून.) नोंदवायचं तेवढंच प्रमाण धरलं तर साधारण १६० ते १७० मशीन डीलरच्या गोडाऊनमधे पडून होती.

आता राहिले दोन उतार, मोठं मशीन १० ने कमी आणि कार्ट्रिज ३०० ने कमी. दोन्हीचा टक्क्यात हिशोब केला तर १० टक्के आणि १५ टक्के, दोन्ही लाल रंगात दाखवावेत असे. पूर्वी मी तेच करायचे, ५ टक्क्याच्या खाली गेलं की लाल. मग मीटिंगमधे रीजनल मॅनेजर प्रत्येक लाल आकड्यावर काहीतरी कारण शोधून आणायचे आणि पुढच्या महिन्यात तो आकडा आपोआप हिरवा व्हायचा.

यावेळी मी मागचे २४ महिने एका ओळीत मांडले आणि आकडा नेहमी किती हलतो ते आधी पाहिलं. रीत जुनी आहे, कारखान्यातल्या क्वालिटीवाल्यांना माहीत असते, शूहार्ट यांनी १९२४ मधे कंट्रोल चार्ट मांडला त्याच घरातली. सरासरी काढायची, मग लागोपाठच्या दोन महिन्यांतला फरक (वजाबाकीचं चिन्ह सोडून) काढून त्या फरकांची सरासरी, तिला २.६६ ने गुणायचं आणि सरासरीच्या वर-खाली तेवढी पट्टी. मोठ्या मशीनची सरासरी ९८ आणि सरासरी फरक ९, पट्टी साधारण ७४ ते १२२. मग ९० ही काही बातमीच नाही, नेहमीची हालचाल. कार्ट्रिजची सरासरी २,०१० आणि सरासरी फरक ७०, पट्टी १,८२४ ते २,१९६. १,७०० पट्टीच्या बाहेर. तिथे खरंच काहीतरी घडलंय. छोट्या मशीनला ही पट्टी मी लावली नाही, सीझनवाल्या मालाला ती सरळ लावली तर दर सीझनला खोटी घंटा वाजते.

कार्ट्रिजचं कारण सेल्सवाल्यांना विचारलं तर उत्तर तयार होतं, बाजारात स्वस्त डुप्लिकेट माल आलाय. असेलही. पण मी ऑर्डर रजिस्टर उघडलं, बिलांचं नाही, ऑर्डरचं. त्यात ३१० कार्ट्रिजच्या ऑर्डर पेंडिंग होत्या आणि स्टोअरचं पान बघितलं तर महिन्याच्या मधे नऊ दिवस स्टॉक शून्य. ग्राहक मागत होता, आपल्याकडे माल नव्हता. विक्रीचा आकडा मागणी दाखवत नाही, तो फक्त आपण किती देऊ शकलो ते दाखवतो. आणि स्टॉक का संपला? कारण त्या महिन्याचं खरेदीचं बजेट छोट्या मशीनचे पार्ट आणण्यात गेलं होतं, स्कीमसाठी.

हे सगळं हातात आल्यावर रिपोर्ट दीड पानांचा झाला. पहिल्या परिच्छेदात थेट उत्तर: "१० टक्के स्कीम आहे तशी पुढे चालू ठेवू नये, नग दुप्पट होत नाहीयेत आणि वाढलेला बराचसा माल डीलरकडे पडून आहे. कार्ट्रिजचा स्टॉक आधी भरावा." त्याखाली तो तीन ओळींचा तक्ता, त्याखाली मार्जिनचा हिशोब, मग नोंदींचा आकडा. मोठ्या मशीनबद्दल एकच वाक्य, नेहमीची हालचाल आहे, काही करायची गरज नाही. शेवटी एक ओळ मी मुद्दाम घातली: "पुढच्या महिन्यात छोट्या मशीनची विक्री २५० च्या आसपास येईल, डीलर आधी भरलेला माल संपवतील." भाकीत लिहून ठेवल्याशिवाय आपला अंदाज बरोबर होता का हे कधी कळत नाही, नंतर सगळेच म्हणतात आम्हाला माहीत होतं.

मीटिंगमधे पहिल्यांदा शांतता. मग सरांनी विचारलं, "सेल वाढलाय ना पण?" मी तो दुप्पटचा हिशोब बोर्डवर केला, २ भागिले २, बस एवढंच. एका सीनियर रीजनल मॅनेजरनी खरोखर चांगला मुद्दा काढला, की छोटं मशीन एकदा घरात बसलं की वर्षानुवर्षं कार्ट्रिज जातं, त्यामुळे आज मशीनवर कमी सुटलं तरी पुढे भरून निघतं. हे बरोबरच आहे आणि माझ्या रिपोर्टमधे नव्हतं, मी तसं कबूल केलं. पण कार्ट्रिज तेव्हा जाईल जेव्हा मशीन ग्राहकाकडे चालू होईल, डीलरच्या गोडाऊनमधल्या मशीनला कार्ट्रिज लागत नाही, आणि नोंदी तर फक्त ३० ने वाढल्यात. इथे बोलणं पहिल्यांदा नीट पुढे सरकलं. त्यांनीच सुचवलं की मग डिस्काउंट उचलण्यावर देऊच नका, नोंदणीवर द्या, मशीन बसून सिरीयल नंबर आला की डीलरला पैसे. सरांनी तेच ठरवलं, ५ टक्के, नोंदणी झाल्यावर. कार्ट्रिजसाठी स्टोअरला सांगितलं की स्टॉक ७०० च्या खाली गेला की लगेच ऑर्डर टाकायची, आधी ती पातळी ३०० होती आणि माल यायलाच दहा दिवस लागतात, महिन्याला २,००० जाणाऱ्या मालाचे दहा दिवस म्हणजे जवळपास ६७०, मग ३०० वर ऑर्डर टाकली की संपणारच.

पुढच्या महिन्यात छोटी मशीन गेली २७०. आधी लिहून ठेवलं नसतं तर एवढी घसरण बघून कोणीतरी घाबरून पुन्हा १० टक्के स्कीम आणली असती, यावेळी सरांनी आकडा बघितला, मागच्या रिपोर्टमधली ओळ बघितली आणि पुढे गेले. नोंदी ४०५ होत्या, म्हणजे ग्राहक तेवढेच होते. कार्ट्रिज २,२६० गेले, त्यात मागच्या महिन्याच्या पेंडिंग ऑर्डरही आल्या म्हणून ती वाढ मी वाढ म्हणून दाखवली नाही, दोन महिन्यांची सरासरी १,९८० लिहिली.

एक गोष्ट अजून अर्धी आहे. मोठ्या मशीनवर २० सुटतात असं मी मांडलं त्यात फक्त माल-खर्च धरलाय, मशीन पोचवणं, बसवणं, पहिल्या वर्षातल्या फुकट सर्व्हिसच्या फेऱ्या हे काहीच नाही, आणि मोठ्या मशीनला फेऱ्या जास्त लागतात असं सर्व्हिसवाले म्हणतात. त्यांचं फेऱ्यांचं रजिस्टर हाताने लिहिलेलं आहे. सध्या मागच्या सहा महिन्यांची पानं मी सिरीयल नंबरनुसार शीटमधे भरतेय, रोज थोडी थोडी, ती झाली की मोठ्या मशीनच्या ओळीतला मार्जिनचा आकडा बदलेल.